‘शिवू नकोस’ म्हणणाऱ्या मुलाला काय सांगावं?

‘मी तालुक्याच्या गावी नोकरी करते. मला तीन मुलं. थोरली १६ वर्षांची, अकरावीला. मधला मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. धाकटी साडेदहाची. मागे मुलाच्या वर्गात एका मुलीच्या स्कर्टला डाग पडला तेव्हा मुलं हसली, त्यात हाही होता. मी विचारलं तर म्हणाला, “घाण रक्त येतं त्यांना.” मग गणपतीत थोरलीची पाळी होती. ती मखराजवळून गेली तर हा पाहुण्यांसमोर तिला म्हणाला, “शिवू नकोस.” ती रडत आत गेली. त्याला आता नीट समजावून सांगावं, म्हणजे तो बहिणींना सांभाळून घेईल, असं मला वाटतं. पण यांचं म्हणणं, “मुलग्याला कशाला बायकांच्या गोष्टी?” सासूबाईंना तर विचारायलाच नको. थोरलीला लाज वाटेल अशीही भीती आहे. शिवाय दुपारी धाकटी आणि तो असे दोघंच घरी असतात. तिची पाळी तेव्हाच सुरू झाली तर? त्याला कुणी सांगावं, किती सांगावं, कोणत्या शब्दांत?’
– एक आई

तुमच्या मुलाला काहीच माहीत नाही असं धरून चालू नका. त्याला बरंच माहीत असणार. ते कुणी सांगितलेलं नाही, त्याने घरात बघून बघून जमवलेलं आहे. ताईला देवघरापासून लांब ठेवतात, हे त्याने पाहिलंय. मेडिकलमधून एक पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून येतं आणि ते कपाटात मागे सरकवलं जातं, हेही बहुतेक पाहिलं असेल. कधीतरी ‘कावळा शिवला’ म्हणजे काय असं विचारलं असेल आणि ‘जा, बाहेर खेळ’ असं उत्तर मिळालं असेल. एवढ्यावरून कुठलाही चौकस मुलगा जो अर्थ काढेल तोच त्याने काढला. मखरापाशी तो बोलला ते त्याच्या हिशेबाने घरातला नियम पाळणं होतं. म्हणून बोलायला बसाल तेव्हा ‘तू असं कसं बोललास’ इथून सुरुवात करू नका. आधी विचारा, ‘तुला याबद्दल काय काय ठाऊक आहे?’ आणि तो बोलेल ते मध्ये न टोकता ऐका. सांगायचं काय, हे त्याच्या उत्तरावरून कळेल.

मी शाळांमधून आठवी-नववीच्या मुलग्यांचे वर्ग घेते. तिथे आधी नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगते. ‘पोटात जखम होते का?’ असं कुणी विचारतं, ‘एवढं रक्त जाऊन मुली मरत कशा नाहीत?’ असं कुणी. पण एक चिठ्ठी जवळपास प्रत्येक वर्गात निघते: ‘मुली घरी जाईपर्यंत थांबवून का धरत नाहीत?’ ही चिठ्ठी वाचली तेव्हा मुलगे डागाला का हसतात ते मला पहिल्यांदा कळलं. त्यांना वाटतं, हे लघवीसारखंच आहे. म्हणजे जिच्या कपड्याला डाग पडला तिने आळस केला, मोठी होऊनही कपडे खराब केले. बालवाडीतल्या मुलाने चड्डी ओली केली तर जसं हसतात तसं ते हसतात. तेव्हा तुमच्या मुलाला बाकी काही सांगायचं राहिलं तरी चालेल, पण हे राहता कामा नये: ते रक्त रोखून धरता येत नाही. लघवीची वाट वेगळी, ही वाट वेगळी. लघवी अडवायला शरीरात स्नायू आहे आणि तो आपल्या ताब्यात असतो, तसा इथे नाही. रक्त बसल्या-उठल्या, झोपेत, गणिताच्या तासाला, कधीही थोडं थोडं येत राहतं. मुलीच्या हातात फक्त पॅड लावणं आणि वेळेवर बदलणं असतं. शाळेत स्वच्छतागृहाला पाणी नसेल किंवा तासाला बाहेर सोडत नसतील, तर तेही तिच्या हातात उरत नाही.

त्याला सांगण्याआधी एक काम आहे, आणि ते तुमच्या थोरल्या मुलीपाशी आहे. तिला लाज वाटेल अशी तुमची भीती आहे, पण तुम्ही तिला विचारलंय का? तिला एकटीला गाठून म्हणा, ‘मी दादूला पाळीबद्दल सांगणार आहे. सगळ्या मुलींची म्हणून सांगेन, तुझं नाव घेणार नाही. त्याला काय कळलेलं तुला चालणार नाही?’ माझ्याकडे आलेली एक मुलगी म्हणाली होती, ‘त्याला पाळी म्हणजे काय ते कळू दे. माझी कधी आली ते कळायला नको.’ या दोन वाक्यांतला फरक फार मोलाचा आहे. पाळी कशी येते ही माहिती सगळ्यांची. पण कुणाची, कोणत्या तारखेला, किती दुखतं, ही माहिती ज्या मुलीची असेल तिचीच, आणि ती तिने स्वतः दिली तरच भावाने घ्यायची. तुमचा हेतू ‘तो बहिणींना सांभाळून घेईल’ असा आहे. हेतू चांगलाच आहे, पण सांभाळणं आणि लक्ष ठेवणं यांत अंतर फार थोडं आहे. कालपर्यंत ‘शिवू नकोस’ म्हणणारा मुलगा उद्या मोठ्या काळजीने ‘ताई, तुझी चालू आहे ना, मग खेळायला जाऊ नकोस’ म्हणायला लागला, तर तिच्या दृष्टीने फारसं काही बदललेलं नसेल.

कुणी सांगावं, तर तुम्हीच सांगा. तुम्हाला ते आतून माहीत आहे. फक्त वेळ नीट निवडा. समोरासमोर बसवून, दार लावून, ‘तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय’ असं म्हटलंत की तो निम्मं ऐकणारच नाही. शेंगा सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना किंवा गाडीवर मागे बसलेला असताना बोला. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही तेव्हा या वयाची मुलं जास्त बोलतात. १० मिनिटं पुरे. राहिलेलं आठवड्याने.

शब्द साधारण असे ठेवता येतील:

‘तुझा आवाज फुटायला लागलाय ना, तसे मुलींच्या शरीरातही या वयात बदल होतात. मुलीच्या ओटीपोटात गर्भाशय असतं, साधारण तिच्या मुठीएवढं. दर महिन्याला त्याच्या आतल्या बाजूला रक्ताचा मऊ थर तयार होतो. बाळ राहिलं तर ते त्या थरात रुजतं. तूही माझ्या पोटात असाच रुजला होतास. बाळ राहिलं नाही तर त्या थराची गरज नसते, मग तो सुटून रक्ताबरोबर बाहेर येतो. याला पाळी म्हणतात. ती ३ ते ७ दिवस असते. तेवढ्या दिवसांत सगळं मिळून साधारण दोन-तीन मोठे चमचे रक्त जातं, कुणाला जास्त, कुणाला कमी. आत जखम वगैरे काही नसते. थर बाहेर टाकायला गर्भाशय आवळतं, म्हणून पोटात आणि कमरेत कळा येतात. रात्री तुझ्या पोटरीत गोळा येतो ना, तशा. मला येते, शाळेतल्या बाईंना येते, तुझ्या वर्गातल्या मुलींना आलेली असेल किंवा येईल. हे रक्त घाण नसतं.’

एवढ्यावर थांबा. तो ‘बाळ राहतं कसं?’ असं विचारण्याची शक्यता आहे. उत्तर तेव्हाच देता आलं तर दोन सरळ वाक्यांत द्या. नाही जमलं, तर ‘रविवारी सांगते’ म्हणा आणि रविवारी खरंच सांगा. इथे टाळाटाळ झाली की तो उत्तर मोबाइलवर शोधेल, आणि तिथे त्याला जे सापडेल त्यातून मुलींबद्दलचा आदर काही वाढायचा नाही. राज्य मंडळाच्या पुस्तकात हा धडा दहावीला येतो. तोवर त्याची दोन वर्षं बाहेरच्या माहितीवर निघून जातील.

एक गोष्ट मी मुद्दाम टाळते. ‘पाळी म्हणजे आई होण्याची तयारी, म्हणून मुलींचा आदर करायचा’ असं सांगायचा मोह होतो. ऐकायला बरं वाटतं, पण वर्गात शेजारच्या बाकावर बसलेली १३ वर्षांची मुलगी त्याला भावी आई म्हणून दिसावी, असं मला वाटत नाही. ती त्याच्याएवढीच आहे, तिचं आज पोट दुखतंय आणि दुसऱ्या तासाला तिची चाचणी आहे, एवढं त्याच्या लक्षात आलं तरी झालं.

आता तुमच्या यजमानांबद्दल. ते पाळीवर बोलणार नाहीत, तर ठीक आहे, तो आग्रह सोडून द्या. पण मुलाच्या स्वतःच्या शरीराचं काय? आवाज बदलतोय, मिसरूड फुटतंय, एखाद्या रात्री झोपेत वीर्य जाऊन कपडे ओले होतील आणि तो घाबरून ते लपवेल. हे त्याला वडिलांनी सांगावं, आणि तुमच्या बोलण्याच्या आधी सांगावं. ज्या मुलाला स्वतःच्या कपड्यावरच्या डागाची लाज वाटून गेलेली असते आणि ‘अरे, होतं असं’ म्हणणारा बाप मिळालेला असतो, त्याला दुसऱ्याच्या डागाबद्दल फार सांगावं लागत नाही. यजमानांना ही ‘बायकांची गोष्ट’ वाटणार नाही, ते तयार होतील असं मला वाटतं.

वर्गातल्या त्या मुलीची माफी मागायला त्याला पाठवू नका. पालक हे फार उत्साहाने करतात. ती बिचारी तो दिवस विसरायच्या प्रयत्नात असते आणि हा जाऊन तिला तोच आठवून देतो. पुन्हा असं झालं तर काय करायचं, एवढंच त्याच्याशी ठरवा. हसायचं नाही. तिला माहीत नसेल तर तिच्या मैत्रिणीला किंवा बाईंना हळूच सांगायचं, वर्गात ओरडून नाही. स्वेटर जवळ असेल तर कमरेला बांधायला द्यायचा आणि परत मागायची घाई करायची नाही. पोरं चिडवायला लागली तर ‘सोडा ना, सगळ्यांच्या घरी असतं’ म्हणून विषय तोडायचा. ‘माझ्या ताईलाही येते’ असं मात्र म्हणायचं नाही. मुलगे हे अगदी चांगल्या मनाने बोलून जातात आणि बहिणीची गोष्ट अख्ख्या वर्गात पसरते.

धाकटीची दुपार ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत खरी काळजी वाटली. पहिली पाळी बहुधा १२-१३ व्या वर्षी येते, पण दहाव्या-अकराव्या वर्षीही येऊ शकते आणि दिवस सांगून येत नाही. तेव्हा धाकटीला आजच सांगा, आणि भावाच्या आधी सांगा. स्वतःच्या शरीराची गोष्ट तिला त्याच्याकडून कळणं बरं नाही. एक कापडी पिशवी तयार करा: दोन स्वच्छ चड्ड्या, चार-पाच पॅड, गुंडाळून टाकायला जुने कागद. ती तिच्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवा आणि पॅड चड्डीला कसं चिकटवतात ते तिला एकदा हाताने करून दाखवा. मागचा कागद सोलायचा, चिकट बाजू कापडाला लावायची. लहान मुली घाबरून नेमकं उलटं लावतात.

समजा, तो दिवस आलाच. दुपारचा दीड वाजलाय, ती बाथरूममधून रडत हाक मारते, ‘दादा, रक्त येतंय.’ त्या क्षणी त्याने काय करायचं हे आधी ठरलेलं असलं की दोघंही निभावून नेतात. आत जायचं नाही, बघायचं नाही. पिशवी दाराशी ठेवायची आणि बाहेरून म्हणायचं, ‘घाबरू नकोस, ही पाळी असेल. आईने दाखवलं होतं तसं पॅड लाव. मी आईला फोन करतो.’ मग तुम्हाला फोन करायचा आणि फोन तिच्या हातात द्यायचा. पुढचं तुम्ही तिच्याशी बोला. कुठे पडलीस का, कुणी काही केलं का, हे विचारायचं काम तुमचं, त्याचं नाही. तुम्ही पोहोचेपर्यंत त्याने तिला काहीतरी खायला द्यावं. पोट दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून द्यावी. गोळी मात्र कुठलीच देऊ नये. तिची चड्डी भिजत घालायची वेळ आलीच, तर गार पाण्यात. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. पॅड ४ ते ६ तासांनी बदलायचं, तोवर तुम्ही घरी आलेला असाल. तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल किंवा तिला चक्कर येत असेल, तर मात्र तुमची वाट न बघता शेजारच्या काकूंना बोलवायचं. पहिल्या पाळीनंतरची पुढची पाळी महिन्याने येईल असं नाही, पहिलं वर्ष-दोन वर्षं मागेपुढे होतं. तेव्हा पिशवी पुन्हा भरून जागच्या जागी ठेवून द्या.

यातलं काहीच माहीत नसलेला भाऊ काय करू शकतो, ते आपण पाहिलेलं आहे. मे २०२३ मध्ये उल्हासनगरला १२ वर्षांच्या मुलीच्या कपड्यांवर रक्त दिसलं. ती तिची पहिली पाळी होती. तिच्या ३० वर्षांच्या भावाने वेगळाच संशय घेतला आणि तिला इतकी मारहाण केली की ती मुलगी गेली. तेव्हाच्या बातम्यांत हे सविस्तर आलं होतं. हे मुलाला सांगू नका, तो घाबरेल. यजमानांना सांगा. ‘कशाला सांगायचं’ याचं उत्तर त्यात आहे.

सासूबाईंशी वाद घालून एका दिवसात घर बदलणार नाही, हे तुम्हीही जाणता. पण एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. देवघराचा नियम आजींनी सांगायचा आणि पाळायचा की नाही हे थोरलीने ठरवायचं, मुलाने त्यात पहारेकरी व्हायचं नाही. त्याला सरळ सांगा, ‘शिवू नकोस हे तू कुणालाही म्हणायचं नाहीस.’ आणि त्याने ‘मग आजी का म्हणते?’ असं विचारलं तर ‘पूर्वी बायकांना विश्रांती मिळावी म्हणून’ हे ठरावीक उत्तर कृपा करून देऊ नका. बाजूला बसलेल्या बाईला चूल आणि देव बंद असायचे. निवडण-टिपण, गोधड्या धुणं, रानातली खुरपणी काही सुटत नव्हती. रक्ताला विटाळ मानत म्हणून बाजूला बसवत, एवढं खरं उत्तर द्या. आमच्या पिढीला ते पटत नाही, हेही सांगा. आणि कधीतरी निवांत असताना सासूबाईंना विचारा, त्यांच्या वेळी कापडाच्या घड्या कुठे वाळत घालायच्या. दुसऱ्या कपड्याखाली, अंधारात, कुणाला दिसणार नाहीत अशा. त्या सांगायला लागल्या तर नातवाला तिथून उठवू नका.

आता थोरलीला मदत म्हणजे नेमकं काय, ते सांगते. तिच्या पाळीच्या दिवसांत त्याने भांडी घासावीत, पाणी भरावं, असं पुष्कळ आया ठरवतात. त्याने होतं काय, की दादू भांड्यांना बसला की घरात आल्या-गेल्याला तारीख कळते, आणि मदत हवी असेल तर मुलीला आधी जाहीर करावं लागतं. त्यापेक्षा पाणी आणि रात्रीची भांडी ही महिनाभर त्याचीच कामं करून टाका. मग ज्या संध्याकाळी तिला पडून राहायचं असेल, त्या संध्याकाळी तिला कुणाला काही सांगावं लागणार नाही. ती चिडली की ‘हिची चालू असेल’ असं घरात कुणी म्हणायचं नाही, अगदी तुम्हीसुद्धा. बहुतेक वेळा ती चिडलेली असते कारण कुणीतरी तिला चिडवलेलं असतं. बोलण्यानंतरच्या महिन्यात तिच्याकडे लक्ष असू द्या. ती पॅड आणखी आत लपवायला लागली किंवा भावासमोरून जाताना गप्प झाली, तर त्याच्याकडून काहीतरी बोललं जातंय असं समजा आणि तिलाच विचारा.

बाथरूममध्ये झाकणाचा डबा ठेवा आणि तो रिकामा करायची पाळी घरातल्या सगळ्यांवर येऊ द्या, वडिलांवरही. पॅड गुंडाळून टाकलेलं असतं, कुणाचं ते कळत नाही. आणि महिन्याची वाणसामानाची यादी मुलाला लिहायला लावा. साबण, टूथपेस्ट, त्याखाली पॅडची दोन पाकिटं. यादी घेऊन बाप-लेक दुकानात जाऊ देत. दुकानदार सवयीने वर्तमानपत्राकडे हात नेईल, तेव्हा यजमानांनी एवढंच म्हणावं, ‘राहू द्या, पिशवीतच टाका सगळ्याबरोबर.’